तराजूचा पासंग आणि न थांबणारा इंटिग्रेटर

इंटिग्रेटरच्या इनपुटला काहीच सिग्नल नाही. रीसेटचं बटण दाबून धरलंय तोवर मल्टिमीटर शून्याच्या आसपास शांत बसलेला आहे. बटण सोडलं, की आकडे पळायला लागतात. एका सेकंदाला ०.१९ व्होल्ट, दोन सेकंदांना ०.३८, दहा सेकंदांना १.९, आणि मिनिट व्हायच्या आत आउटपुट साडेदहा व्होल्टला जाऊन चिकटतं. सप्लाय ±१२ व्होल्टचा असल्यामुळे त्याच्या पुढे जायला जागाच नसते. पुन्हा बटण दाबा, पुन्हा शून्य. सोडा, पुन्हा तीच पळापळ. ऑप-अँपचा इंटिग्रेटर पहिल्यांदा ब्रेडबोर्डवर लावणारा प्रत्येक जण इथे थबकतो आणि आयसी खराब आहे असं समजून बदलतो. नवा आयसीही पळतो, फक्त वेग वेगळा, आणि कधीकधी दिशाही उलटी.

आयसी खराब नसतो. त्याच्या तराजूला पासंग असतो.

जुन्या तागडीवाल्या तराजूची दोन्ही पारडी रिकामी असतानाही एक बाजू जराशी खाली असायची, तो पासंग. एकदा वजन केलं तर गिऱ्हाइकाला कळतही नाही. पण दिवसभराची सगळी वजनं वहीत मांडून बेरीज करत गेलात, तर प्रत्येक वजनातली ती चिमूटभर चूक बेरजेत साठत जाते. ऑप-अँपही मुळात तराजूच आहे: प्लस पिन आणि मायनस पिन यांच्यातला फरक तो तोलतो. आतले दोन ट्रान्झिस्टर कितीही काळजीने बनवले तरी अगदी जुळे होत नाहीत, म्हणून दोन्ही पिनांवर सारखाच व्होल्टेज असताना त्याला वाटतं की थोडा फरक आहे. या फरकाला ऑफसेट म्हणतात. आणि इंटिग्रेटर म्हणजे बेरीज करणारी वही.

आमच्या टेबलावरचं उदाहरण घेऊन बोलू. आम्हाला इलेक्ट्रोमॅग्नेटच्या दोन ध्रुवांमधलं चुंबकीय क्षेत्र मोजायचं होतं. त्यासाठी १०० वेढ्यांची, एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची छोटी गुंडाळी केली. ती ध्रुवांच्या फटीत ठेवायची आणि झटकन बाहेर ओढायची. ओढताना गुंडाळीत व्होल्टेज तयार होतो. हळू ओढली तर कमी व्होल्टेज जास्त वेळ, जोरात ओढली तर जास्त व्होल्टेज कमी वेळ. पण व्होल्टेज गुणिले वेळ यांची एकूण बेरीज दोन्ही वेळा एकच येते, आणि ती वेढे, क्षेत्रफळ आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या गुणाकाराइतकी असते. ०.२ टेस्ला क्षेत्र असेल तर ही बेरीज २ मिलिव्होल्ट-सेकंद. ही बेरीज करायला इंटिग्रेटर हवा. आमच्याकडे टीएल०७१ होता, इनपुटला १० किलोओहमचा रेझिस्टर, फीडबॅकमध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि कपॅसिटरला समांतर एक रीसेटचं पुश बटण.

```
Vout = -(1/RC) ∫ Vin dt
R = 10 kΩ, C = 1 µF  →  RC = 0.01 s
2 mV·s / 0.01 s = 200 mV
```

म्हणजे गुंडाळी ओढली की आउटपुटला २०० मिलिव्होल्टची पायरी दिसायला हवी. चिन्ह अधिक की उणे हे गुंडाळी कशी धरली त्यावर. प्रत्यक्षात पायरी दिसत होती, पण सेकंदाला १९० मिलिव्होल्टने पळणाऱ्या रेषेवर बसलेली. गुंडाळी ओढून मीटर वाचेपर्यंत एक सेकंद गेला, तर मोजायची गोष्ट आणि चूक जवळजवळ सारखीच.

ऑफसेटमुळे आउटपुट पळतं कसं, हे करंटच्या वाटेने गेलं की सोपं आहे. ऑप-अँपला फीडबॅक दिला की तो दोन्ही पिना समान ठेवायचा आटापिटा करतो. प्लस पिन ग्राउंडला आहे. आपल्या आयसीचा पासंग १.९ मिलिव्होल्टचा धरू. म्हणजे त्याच्या हिशेबाने 'समान' याचा अर्थ मायनस पिन खऱ्या ग्राउंडपेक्षा १.९ मिलिव्होल्ट वर. आता इनपुट रेझिस्टरचं एक टोक या मायनस पिनवर आणि दुसरं टोक गुंडाळीतून ग्राउंडवर आहे. दोन टोकांत १.९ मिलिव्होल्टचा फरक आला, म्हणजे १० किलोओहममधून ०.१९ मायक्रोअँपिअर करंट वाहणार. मायनस पिन तर तो करंट देत नाही. मग येतो कुठून? कपॅसिटरमधून, आणि कपॅसिटरला तो पुरवायचा तर आउटपुटला वर चढत राहावं लागतं. करंट स्थिर, म्हणून चढण्याचा वेगही स्थिर, म्हणून आउटपुट सरळ रेषेत जातं. थांबायचं कारणच त्याला मिळत नाही. सप्लायची भिंत लागते तेव्हा थांबतं, कारण तिथे ऑप-अँप हात टेकतो.

```
dVout/dt = Vos / (RC) = 1.9 mV / 0.01 s = 190 mV/s
```

आता रीसेटकडे. बटण दाबलं की कपॅसिटरची दोन टोकं जोडली जातात, त्यातला चार्ज रिकामा होतो आणि ऑप-अँप नुसता फॉलोअर बनतो. आउटपुट मायनस पिनलाच जोडलेलं, आणि मायनस पिन तर १.९ मिलिव्होल्टवर. म्हणजे रीसेटमध्ये आउटपुट शून्य नसतंच, ते ऑफसेटइतकं असतं. मल्टिमीटर २० व्होल्टच्या रेंजवर असेल तर ०.०० दिसतं आणि आपण समाधानी होतो. २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर न्या. आमच्या मीटरवर १.९ आला. आयसीने स्वतःच्या तोंडाने आपला पासंग सांगितला! हा आकडा RC ने भागला की बटण सोडल्यावर आउटपुट किती वेगाने पळणार हे आधीच कळतं, आणि चिन्हावरून कुठल्या दिशेला तेही. डेटाशीटमध्ये टीएल०७१ चा ठरावीक ऑफसेट ३ मिलिव्होल्ट आणि साध्या ग्रेडसाठी कमाल १० मिलिव्होल्ट दिलेला आहे, म्हणजे आमचा आयसी त्या मानाने शहाणाच निघाला.

रीसेट पाटी पुसतो, पासंग काढत नाही. बटण सोडल्याक्षणी तोच करंट त्याच कपॅसिटरमध्ये पुन्हा सुरू.

हे समजावून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, मग कपॅसिटरच मोठा लावला तर? दहा पट मोठा लावला तर पळणं दहा पट कमी होईल ना?"

"होईल. लाव बघू."

तिने १० मायक्रोफॅरडचा लावला. आउटपुट आता सेकंदाला फक्त १९ मिलिव्होल्टने सरकत होतं. ती खुश. मग गुंडाळी ओढली, तर पायरी २० मिलिव्होल्टची! सिग्नलही दहा पटीने घटला होता. रेझिस्टर वाढवला असता तरी हेच झालं असतं. सिग्नल आणि ऑफसेट दोघेही एकाच RC ने भागले जातात, त्यामुळे त्यांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही.

या सर्किटमधली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच. आउटपुट किती व्होल्ट पळालं हे बघण्यात अर्थ नाही, चूक इनपुटच्या मापात मोजायला हवी. आणि इनपुटच्या मापात चूक म्हणजे ऑफसेट गुणिले वेळ, बस्स. १.९ मिलिव्होल्टचा ऑफसेट, बटण सोडल्यापासून वाचेपर्यंत एक सेकंद, चूक १.९ मिलिव्होल्ट-सेकंद. मोजायचे आहेत २ मिलिव्होल्ट-सेकंद. RC या हिशेबात कुठे येतच नाही. RC ठरवायचा तो आउटपुट मीटरला वाचता येईल इतकं मोठं आणि सप्लायला न टेकेल इतकं लहान यावं म्हणून.

मग उपाय दोनच उरतात, ऑफसेट कमी करा किंवा वेळ कमी करा. वेळेचा उपाय फुकट आहे. ओढण्याचा वेग बेरजेत येत नाही, म्हणून बटण सोडल्या सोडल्या गुंडाळी सेकंदाच्या पाचव्या हिश्शात ओढा आणि स्कोपवर लगेचची पायरी वाचा. चूक पाच पटीने कमी. स्कोप असेल तर त्याहून चांगलं म्हणजे ओढण्याआधीचे दोन-तीन सेकंद आणि नंतरचे दोन-तीन सेकंद नोंदवायचे. दोन्हीकडच्या तिरक्या रेषा एकमेकींना समांतर असतात, त्यांच्यामधलं उभं अंतर हाच खरा सिग्नल. पळणं थांबवलं नाही, पण हिशेबातून वजा केलं.

सगळ्यांना ही सवलत नसते. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात धरून ठेवणारी टोकामॅक यंत्रं आहेत, त्यांच्यामध्ये चुंबकीय क्षेत्र अशाच गुंडाळ्यांनी आणि इंटिग्रेटरनी मोजतात. तिथल्या मूळ आदित्य यंत्राचे प्रयोग सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासचे होते, त्यामुळे पासंगाला साठायला वेळच मिळत नसे. पण त्यानंतरच्या एसएसटी-१ ची रचना १००० सेकंदांसाठी केलेली आहे. तेवढ्या वेळात फक्त ५ मायक्रोव्होल्टचा ऑफसेटही ५ मिलिव्होल्ट-सेकंद साठवतो.

आता ऑफसेट कमी करण्याकडे. त्याआधी पळण्याचं कारण खरंच ऑफसेट आहे की पिनेतून जाणारा बायस करंट, हे वेगळं करावं. युक्ती अगदी साधी आहे. इनपुट रेझिस्टरचं गुंडाळीकडचं टोक बोर्डवरच उचलून मोकळं सोडा. आता रेझिस्टरमधून करंटला वाटच नाही, त्यामुळे ऑफसेट कितीही असला तरी तो कपॅसिटर भरू शकत नाही. तरीही आउटपुट पळत असेल तर तो बायस करंट, किंवा कुठेतरी गळती. आमचा टीएल०७१ असं केल्यावर जवळजवळ जागीच थांबला, कारण त्याच्या फेट इनपुटचा बायस करंट काही दहा पिकोअँपिअर असतो आणि तेवढ्याने १ मायक्रोफॅरड सेकंदाला शंभर मायक्रोव्होल्टनेही हलत नाही. हीच चाचणी जुन्या ७४१ वर केली तर चित्र वेगळं दिसतं. त्याचा बायस करंट ठरावीक ८० नॅनोअँपिअर, म्हणजे इनपुट मोकळं असतानाही तो सेकंदाला ८० मिलिव्होल्टने पळेल. कॉलेजात ७४१ वर १०० किलोओहमचा रेझिस्टर लावून हा प्रयोग करतात, तिथे २ मिलिव्होल्टच्या ऑफसेटचा वाटा सेकंदाला २० मिलिव्होल्ट आणि बायस करंटचा ८०. जर्नलमध्ये मात्र सगळं खापर ऑफसेटवर फुटतं. म्हणूनच ७४१ च्या सर्किटमध्ये प्लस पिनला थेट ग्राउंड न करता इनपुटइतकाच रेझिस्टर लावतात. दोन्ही पिनांचे करंट साधारण सारखे असल्यामुळे बराचसा परिणाम कटतो.

पुस्तकात आणखी एक उपाय सापडतो: कपॅसिटरला समांतर मोठा रेझिस्टर. त्याने पळणं थांबतं हे खरं. १ मेगाओहम लावला तर आमचं आउटपुट ऑफसेटच्या १०१ पट, म्हणजे ०.१९ व्होल्टवर जाऊन स्थिरावेल. पण तो रेझिस्टर सिग्नलचा चार्जही सांडवतो. १ मेगाओहम आणि १ मायक्रोफॅरड मिळून एक सेकंदाचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे पायरी आल्यावर अर्ध्या सेकंदात तिचा चाळीस टक्के भाग गेलेला असेल. चौकोनी लाटेची त्रिकोणी लाट करायची असेल तेव्हा हा रेझिस्टर योग्य. एकदाच ओढून बेरीज धरून ठेवायची असेल तेव्हा नको. तिथे रीसेट बटणच हवं.

टीएल०७१ च्या १ आणि ५ नंबरच्या पिना ऑफसेट जुळवण्यासाठीच दिलेल्या आहेत. त्यांच्यामध्ये १०० किलोओहमचा मल्टिटर्न प्रीसेट लावायचा आणि त्याची मधली पिन उणे सप्लायला. जुळवताना रीसेटमधलं आउटपुट शून्य करत बसू नका, कारण मीटरला तिथे ०.१ मिलिव्होल्टच्या खालचं दिसत नाही आणि बायस करंटचा वाटाही त्यात येत नाही. बटण सोडा आणि पळण्याकडे बघा. दहा सेकंदांत इंटिग्रेटर इनपुटचा व्होल्टेज हजारपट करून दाखवतो: दहा भागिले ०.०१. म्हणजे दहा सेकंदांत १ मिलिव्होल्ट सरकणं याचा अर्थ इनपुटला १ मायक्रोव्होल्ट. जो दोष आपण काढतोय, तोच दोष मोजायला इतकं संवेदनशील मीटर दुसरं मिळणार नाही. थोडं फिरवायचं, रीसेट, सोडायचं, दहा सेकंद थांबायचं, पुन्हा थोडं फिरवायचं. कंटाळवाणं काम आहे, पण चहा होईपर्यंत जमतं.

जमलं, असं वाटतं. मग कोणीतरी पंखा लावतो आणि आउटपुट पुन्हा सरकायला लागतं. टीएल०७१ चा ऑफसेट तापमानाच्या प्रत्येक अंशाला दहा ते वीस मायक्रोव्होल्टने बदलतो. म्हणजे एका अंशाच्या फरकाने आमच्या सर्किटमध्ये सेकंदाला एक-दोन मिलिव्होल्टचं पळणं परत येणार. प्रीसेटने पासंग काढता येतो, पण पासंग बदलत राहिला तर त्याच्यामागे किती धावणार?

इथे आयसी बदलणं हाच रस्ता. ओपी०७ चा ठरावीक ऑफसेट, त्याच्या साध्या ग्रेडमध्येही, ६० मायक्रोव्होल्टच्या आसपास, आणि तापमानामुळे होणारा बदल अंशाला अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या घरात. नुसता सॉकेटमध्ये बसवला तरी एका सेकंदातली आमची चूक ९५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर येते. जुळवून ५ मायक्रोव्होल्टवर आणला तर पाव टक्का. पण एक खड्डा आहे. ओपी०७ च्या जुळवणीच्या पिना १ आणि ८ आहेत, १ आणि ५ नाहीत, आणि प्रीसेटची मधली पिन अधिक सप्लायला जाते. टीएल०७१ च्या जागी तो तसाच खुपसला आणि जुना प्रीसेट काढायला विसरलात, तर पिन १ वर उणे सप्लायची ओढ येते. मग इतका चांगला आयसी जुन्यापेक्षा वाईट का वागतोय म्हणून डोकं खाजवत बसाल. मी बसलो आहे.

पासंग दर वेळी आपोआप काढायची युक्तीही आहे, आणि ती बहुतेकांच्या घरी पडून आहे. स्वस्तातल्या साध्या डिजिटल मल्टिमीटरमध्ये ७१०६ जातीचा आयसी असतो, आणि त्याच्या पोटात इंटिग्रेटरच असतो. प्रत्येक मोजणीच्या आधी तो इनपुट आतल्या आत शॉर्ट करतो, आपला ऑफसेट एका वेगळ्या कपॅसिटरवर साठवून ठेवतो आणि मग मोजताना तो वजा करतो. सेकंदाला दोन-तीन वेळा हे चालतं. पारडं रिकामं असताना आधी दगड बांधून घ्यायचा, मग माल टाकायचा, असा प्रामाणिक दुकानदार.

ओपी०७ लावून जुळवून झाल्यावर एक वेगळीच गोष्ट दिसली. आउटपुट बराच वेळ ८ व्होल्टवर उभं होतं, बटण टिचकी मारल्यासारखं दाबून सोडलं, तर आउटपुट वीसेक मिलिव्होल्ट परत वर चढलं. पण हे सरळ रेषेत नव्हतं. आधी भरभर, मग हळू, मग थांबलं. उणे ८ व्होल्टवरून रीसेट केलं तेव्हा उलट खाली गेलं. ऑफसेटला आधी काय होतं याची आठवण नसते, तो दर वेळी त्याच दिशेला, त्याच वेगाने जातो. ही आठवण कपॅसिटरची होती. आमचा कपॅसिटर हिरवा पॉलिएस्टरचा, आणि त्याच्या आतल्या थरात थोडा चार्ज रेंगाळतो जो क्षणभराच्या शॉर्टने निघत नाही. बटण पाच-दहा सेकंद दाबून धरलं की परिणाम बराच कमी झाला, पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर लावल्यावर दिसेनासाच झाला.

जुलैमध्ये तेच सर्किट पुन्हा काढलं तर सेकंदाला सात-आठ मिलिव्होल्टने पळत होतं. इनपुटचं टोक उचललं, तरी तेवढंच पळत होतं, म्हणजे ऑफसेट नव्हे. बोर्ड उलटा केला तर मायनस पिनच्या टाक्याभोवती सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स तसाच होता आणि शेजारून १२ व्होल्टची पट्टी जात होती. पावसाळी दमट हवेत त्या चिकट थरातून दीडेक गिगाओहमची वाट तयार झाली असेल, तर तिच्यातून ८ नॅनोअँपिअर येतात आणि तेवढं पळायला ते पुरतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासला, हेअर ड्रायरने वाळवला, गार होऊ दिला आणि बटण सोडलं. दहा सेकंदांनी मीटरवर ४ मिलिव्होल्ट होते.